तापलेल्या सिलिकॉनमधली फर्मी पातळी वर चढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला अर्धवाहकांवरचा लेख वाचला. त्याला अर्धे पान दिलेत, सोबत रंगीत आकृतीही दिलीत, याबद्दल आधी आभार मानतो. एरवी आपल्याकडच्या वृत्तपत्रांत पदार्थविज्ञानाला जागा मिळते ती ग्रहणाच्या आदल्या दिवशीच. मात्र त्या आकृतीच्या खाली, तापमान वाढेल तसतसे दात्यांचे, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन देणाऱ्या फॉस्फरससारख्या अणूंचे, इलेक्ट्रॉन अधिकाधिक मोकळे होतात आणि म्हणून फर्मी पातळी संवहन पट्ट्याकडे, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांकडे, वर चढत जाते, असे जे ठासून छापले आहे, ते दाते मिसळलेल्या एन-प्रकारच्या सिलिकॉनबाबत अगदी उलटे आहे. ती पातळी खाली उतरते आणि संवहन पट्ट्याखालच्या, शुद्ध स्फटिकात इलेक्ट्रॉनांना जागाच नसलेल्या निषिद्ध पट्ट्याच्या मध्याकडे जाते. बोरॉन मिसळलेल्या पी-प्रकारात ती वर चढते, पण तीही मध्याकडेच. लेखकाने एकाचे वर्णन दुसऱ्याला चिकटवले असेल, तर निदान आकृतीत फॉस्फरसऐवजी बोरॉन तरी लिहायचा होता.

एवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या शेजारची एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि गेल्या सत्रात तिच्या महाविद्यालयाच्या चाचणीत याच प्रश्नावर तिला शून्य गुण मिळाले. तिने एन-प्रकाराची रेषा तापमानाबरोबर खाली उतरताना आणि पी-प्रकाराची वर चढताना दाखवली होती, दोन्ही मध्याशी आणून मिळवल्या होत्या, अक्षांवर नावेही नीट घातली होती. तपासणाऱ्याने लाल शाईने रेषा खोडून शेजारी लिहिले होते, ‘अधिक उष्णता, अधिक इलेक्ट्रॉन, पातळी वर’. तिच्या आग्रहावरून मी त्या शिक्षकांशी फोनवर अत्यंत सौम्यपणे बोललो, तेव्हा ‘आमच्या नोट्समध्ये असेच आहे’ हे उत्तर मिळाले. काल सकाळी ती मुलगी आपला अंक घेऊन आली आणि म्हणाली, ‘सर, आता तर पेपरातही आले.’ त्या शून्यावर आपण छापील शिक्कामोर्तब केलेत, हे आपणांस कळावे.

आता मुद्दा. फर्मी पातळी म्हणजे अशी ऊर्जा की त्या ऊर्जेवर एखादी जागा असलीच, तर ती भरलेली असण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. तिच्या जितके वर जावे तितकी जागा भरलेली असण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. दर घन सेंटीमीटरला एकावर पंधरा शून्ये एवढे फॉस्फरसचे अणू घातलेले सिलिकॉन घेऊ. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण सिलिकॉनच्या पाच कोटी अणूंमागे तो फॉस्फरसचा एक अणू होतो. फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन सोडवायला 0.045 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, आणि इतक्या विरळ मिश्रणात 300 केल्व्हिनला, म्हणजे आपल्या नेहमीच्या तापमानाला, ते जवळजवळ सर्वच सुटलेले असतात. हजारातला एक दातासुद्धा आपला इलेक्ट्रॉन धरून बसलेला नसतो. ‘अधिकाधिक मोकळे होतात’ हे वाक्य इथेच कोसळते, कारण सोडायला कोणी शिल्लकच नाही.

संवहन पट्ट्याच्या तळाशी या तापमानाला दर घन सेंटीमीटर अठ्ठावीसवर अठरा शून्ये इतक्या, इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ‘परिणामी जागा’ मोजल्या जातात, म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे 28 हजार जागा. या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम 10.2 आहे, त्याला बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराने, म्हणजे 0.0259 इलेक्ट्रॉन व्होल्टने गुणले की फर्मी पातळी पट्ट्याच्या तळापासून 0.265 इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली आहे असे निघते. सिलिकॉनचा निषिद्ध पट्टा 1.12 चा, त्याचा मध्य त्याच तळापासून 0.56 खाली, म्हणजे पातळी अजून मध्याच्या बरीच वर आहे. आता हाच तुकडा 450 केल्व्हिनपर्यंत तापवू. इलेक्ट्रॉन तेवढेच राहिले, परंतु जागा तापमानाच्या दीडाव्या घाताने वाढून एका इलेक्ट्रॉनमागे सुमारे 51 हजार झाल्या, आणि गुणक 0.0388 झाला. उत्तर येते 0.42. याच वेळी निषिद्ध पट्टाही आक्रसून 1.08 च्या आसपास आलेला असतो, तेव्हा मध्य आता जेमतेम 0.12 अंतरावर राहिला. पातळी उतरली ती अशी, आणि हे बारावीच्या गणितात बसते.

ही उतरण कशामुळे होते, हे लॉगॅरिथमविनाही सांगता येते. तापमान वाढले की इलेक्ट्रॉनांचा ऊर्जेतला पसारा रुंदावतो. निम्म्या शक्यतेची खूण आहे तिथेच राहिली असती, तर या रुंदावलेल्या पसाऱ्यामुळे संवहन पट्ट्यात दात्यांनी दिले त्याहून कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन असायला हवे होते. ते तर आणायचे कुठून? संख्या दात्यांनी ठरवून दिलेली आहे, म्हणून ती खूणच खाली सरकते आणि हिशेब जुळतो. जागा वाढल्याचा वाटा यात लहान आहे, पसाऱ्याचा मोठा. लेखकाने आणि त्या परीक्षकानेही इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्यांचा पसारा यांत गल्लत केली आहे.

पुढे सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास सिलिकॉनचे स्वतःचे बंध तुटून होणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यामागे उरलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, फॉस्फरसने दिलेल्या इलेक्ट्रॉनांची बरोबरी करू लागतात. मोकळे इलेक्ट्रॉन खरोखर वाढायला लागतात ते इथे, आणि फर्मी पातळी मध्याला येऊन टेकते तीही इथेच! प्रत्येक नव्या इलेक्ट्रॉनबरोबर एक होलही तयार होत असल्यामुळे दोन्ही पट्ट्यांचे पारडे सारखे होते, आणि तुकडा मुळात एन होता की पी, याला काही अर्थ उरत नाही. फॉस्फरस अधिक घातला तर हा प्रसंग अधिक तापमानापर्यंत लांबवता येतो, इतकेच.

अधिक फॉस्फरस म्हणजे किती फरक, याबाबतही लेखात ‘अशुद्धी दुप्पट केली की पातळीही दुप्पट वर जाते’ असे एक वाक्य आहे. दुप्पट केल्याने 300 केल्व्हिनला पातळी फक्त 0.018 इलेक्ट्रॉन व्होल्टने वर जाते, दहापट केल्याने 0.06 ने. शंभरपट फॉस्फरस घातला तेव्हा कुठे ती 0.265 वरून 0.146 पर्यंत येते. दात्यांची संख्या परिणामी जागांच्या संख्येजवळ पोचली की हे साधे सूत्रही चालत नाही आणि पातळी पट्ट्यात शिरू लागते. पण तो वेगळा विषय झाला.

लेखकावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की त्यांचे विधान खरे ठरेल असे एक ठिकाण आहे. निरपेक्ष शून्याला दात्यांजवळच सगळे इलेक्ट्रॉन गोठलेले असतात आणि, इलेक्ट्रॉन पकडणारे बोरॉनसारखे ग्राही अजिबात नसलेला आदर्श स्फटिक धरला तर, फर्मी पातळी दात्यांची पातळी आणि संवहन पट्टा यांच्या बरोबर मध्ये, तळापासून 0.0225 खाली असते. तिथून तापवू लागले की ती खरोखर थोडी वर चढते. आपण घेतलेल्या तुकड्यात ही चढण एक दशांश केल्व्हिनच्याही आत संपते आणि तिची उंची इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक लाखांशाहून कमी भरते. प्रत्यक्षातल्या स्फटिकात चुकार बोरॉन असतोच आणि त्याने ही चढण लांबते, तरी तीही द्रव नायट्रोजनच्या 77 केल्व्हिनच्या पुष्कळ खाली आटोपते. आपल्या आकृतीच्या आडव्या अक्षावर मात्र 300 ते 500 केल्व्हिन छापलेले आहे.

कोणाला सूत्रांवर विश्वास नसेल, तर चार्जरमध्ये असतो तसला साधा सिलिकॉन डायोड आणि मल्टिमीटर घ्यावा. मीटर डायोडच्या चिन्हावर ठेवून सरळ दिशेने जोडल्यावर 0.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. आता तापलेली सोल्डरिंगची इस्त्री डायोडच्या तारेजवळ आणावी. आकडा दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घसरू लागतो. डायोडच्या एका बाजूची फर्मी पातळी मध्याच्या वर आणि दुसऱ्या बाजूची खाली असते. या दोहोंतल्या अंतराएवढी पायरी सांध्यावर उभी राहते. वरच्या तुकड्याला तेवढ्याच बोरॉनचा तुकडा जोडला असे धरले, तर ही पायरी 300 केल्व्हिनला सुमारे 0.6 आणि 450 ला सुमारे 0.3 भरते, म्हणजे 150 अंशांत 0.3, दर अंशाला तेच दोन मिलिव्होल्ट. आपल्या आकृतीप्रमाणे पातळ्या पट्ट्यांकडे पळत असत्या, तर मीटरवरचा आकडा वाढायला हवा होता. त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मल्टिमीटर नक्की असणार. तो कपाटातून बाहेर काढायला कोणाची परवानगी लागते, हे मला ठाऊक नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर ती त्याच पुरवणीत, त्याच आकृतीसह छापावी ही विनंती. निविदा आणि ‘भाड्याने देणे आहे’ यांच्या मधल्या दोन ओळी त्या मुलीला दाखवून काही उपयोग होणार नाही.

आणि जाता जाता, आपल्या छपाईविषयीही एक तक्रार आहे. लेखात फॉस्फरसच्या अणूंची संख्या दर घन सेंटीमीटर ‘1015’ अशी छापली गेली आहे. दहाच्या डोक्यावरचा पंधरा खाली घसरला, आणि फॉस्फरस जवळजवळ एक लाख कोटी पटींनी कमी झाला. इतके शुद्ध सिलिकॉन जगात आजवर कोणालाही बनवता आलेले नाही. हेच मागे ताऱ्यांच्या अंतरांवरच्या लेखातही झाले होते आणि तेव्हाही मी कळवले होते. म्हणूनच या पत्रात मी मोठे आकडे मुद्दाम शून्ये मोजून शब्दांत लिहिले आहेत. कृपया जुळणी करताना ते ‘सोपे’ करू नयेत.

आपला नम्र,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक
फोंडा, गोवा