बॅकऑर्डरची सरकती तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भावकीतल्या एका बागायतदाराने ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांसाठी बॅटरीवरचा पंप ऑनलाइन मागवला. पूर्ण पैसे यूपीआयने आधीच भरले. वेबसाइटवर लिहिले होते, ‘बॅकऑर्डर, २५ सप्टेंबरपर्यंत डिस्पॅच’. घरच्यांनी धरले की त्या दिवशी पंप दारात. पण ती माल गोदामातून निघण्याची तारीख होती, कुरिअरचे दिवस त्यापुढे. शिवाय बॅकऑर्डर म्हणजे गोदामात आज माल नाही. कारखान्याकडून पुढचा लॉट कधी येईल या अंदाजावर तारीख टाकलेली असते. प्री-ऑर्डरमध्ये तर वस्तू बाजारातच आलेली नसते.

२५ उलटल्यावर ९ ऑक्टोबर झाली, ती गेल्यावर २३. दर वेळी बरोबर चौदा दिवस, आणि तेही आधीची तारीख टळल्यावरच! कारखान्याकडून खरी बातमी आली असती तर तारीख अशी मापात सरकली नसती. मध्येच ‘Label created’ असा संदेश आला. पण लेबल छापले म्हणजे पार्सल हलले असे नव्हे. ट्रॅकिंगमध्ये कुरिअरने माल उचलल्याची नोंद दिसली तरच खरे.

‘कधी पाठवता?’ असे विचारले की ‘लवकरच’ एवढेच ऐकू येते. त्यापेक्षा विचारावे, की लॉट गोदामात जमा झाला का आणि त्यात माझी ऑर्डर बसते का? सरळ उत्तर आले नाही तर ईमेलने लिहून द्यावे: अमुक तारखेपर्यंत माल कुरिअरकडे गेला नाही तर ऑर्डर रद्द समजावी आणि पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत करावेत. वॉलेटमध्ये जमा करतो म्हणाले तर नको म्हणावे. नवी तारीख ‘मान्य’ करण्याचे बटण विचार करूनच दाबावे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला रिफंड नाकारता येत नाही; अपवाद आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणून पहिल्या तारखेचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, पुढे वेबसाइटवर फक्त नवी तारीख दिसते. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. ते झाले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही भागले नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्याला सांगलीतच, दावा लावता येतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणखी एक. रद्द केल्यावर कधीकधी पार्सल येऊन उभे राहते. रिफंड हवा असेल तर ते घेऊ नये, ओटीपी न सांगता दारातूनच परत पाठवावे.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)