आगीनंतर घरात जायच्या आधी वाचा

मंडळी, तिसऱ्या माळ्यावरची आग विझली, कोणाला इजा नाही, पण तिथले आणि त्याच्या वरचे फ्लॅटवाले, फायर ब्रिगेडने हो म्हटल्याशिवाय आत जाऊ नका. किचनच्या स्लॅबचं प्लास्टर पडून सळई दिसतेय आणि काँक्रीट गुलाबीसर झालंय, म्हणजे ते चांगलंच तापलेलं आहे, स्ट्रक्चरल इंजिनियरने ठोकून बघेपर्यंत त्याच्या खाली-वर कोणी थांबू नका.

मेन स्विच बंदच ठेवा. वायर बाहेरून चांगली दिसली तरी पाइपातलं इन्सुलेशन वितळलेलं असू शकतं, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन तपासणारी मेगर टेस्ट करून घ्या मगच लाइट चालू करा.

काजळीवर ओलं फडकं अजिबात नको! ती तेलकट असते, पाणी लागलं की भिंतीत मुरते. मास्क, हातमोजे घालून आधी कोरड्या स्पंजने वरून खाली एकाच दिशेने उचला, मग साबणपाणी. आपल्याकडे गरम होतं म्हणून कूलर लावाल तर काजळी घरभर उडेल.

उघडं, प्लास्टिकच्या पाकिटातलं किंवा फिरकीच्या झाकणाच्या बरणीतलं सगळं फेका, झाकणातून धूर आत जातो. उन्हाळ्याचे पापड-कुरड्या टाकताना जीवावर येईल, तरी टाकाच. लाइट चार तासांपेक्षा जास्त बंद होती, त्यामुळे फ्रिजमधलं दूध, शिजवलेलं पण गेलं, चाखून बघू नका.