आई-बाबांना, केदार-बद्रीच्या पीपीटीसोबत

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

यात्रेची पीपीटी छापून या पत्रासोबत पाठवत आहे. एकूण चौदा पाने आहेत आणि अक्षर मुद्दाम मोठे ठेवले आहे, म्हणजे बाबांना गाडीत चष्मा शोधावा लागणार नाही. फोनवर बाबांनी विचारले होते, "हरिद्वारहून केदारनाथ एवढे जवळ असताना मध्ये दोन मुक्काम आणि शिवाय एक रिकामा दिवस कशासाठी?" त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र.

उत्तर तिसऱ्या पानावर आहे. तिथे गावांच्या नावांपुढे अंतरे न लिहिता समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे, कारण या प्रवासात किलोमीटरपेक्षा उंचीचाच हिशेब जास्त करावा लागतो. हरिद्वार सुमारे ३०० मीटरवर आहे, गुप्तकाशी सुमारे १३०० मीटरवर आणि केदारनाथ ३५८३ मीटरवर. आपल्या कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे केदारनाथाचे मंदिर कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच जागी आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत.

आपण हेलिकॉप्टरने जाणार आहोत, मग त्रास कसला, असे आईला वाटते. आईच्या गुडघ्यांसाठी हेलिकॉप्टर उत्तमच आहे, कारण गौरीकुंडापासूनची सोळा-सतरा किलोमीटरची चढण त्यामुळे वाचते. फुप्फुसांच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे. चालत जाणारा माणूस निदान दिवसभर हळूहळू वर चढतो, आणि आपल्याला मात्र काही मिनिटांत दोन हजार मीटर वर नेऊन ठेवले जाईल. म्हणून केदारनाथाला मुक्काम ठेवलेला नाही. सकाळी वर जायचे, दर्शन घ्यायचे, थोडे बसायचे आणि त्याच दिवशी खाली यायचे. उंचीचा त्रास बहुधा पोहोचल्यानंतर काही तासांनी सुरू होतो आणि रात्री झोपेत वाढतो. ती रात्र आपण गुप्तकाशीलाच काढणार आहोत. "देवाच्या दारी एक रात्र तरी" असे आई म्हणाली होती. ते वाक्य मी विसरले नाही, पण या वेळी ते मानणार नाही.

आता दिवसांचा क्रम. नाशिक रोडहून निघालेली गाडी हरिद्वारला पोहोचली की तो दिवस फक्त विश्रांतीचा आहे. संध्याकाळी हर की पौडीची आरती पाहायची, तीही गर्दीत न शिरता. दुसऱ्या दिवशी देवप्रयागवरून रुद्रप्रयागपर्यंत जायचे. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम रस्त्यावरूनच दिसतो, त्यामुळे आईने पायऱ्या उतरण्याचा हट्ट धरू नये. तिसऱ्या दिवशी रुद्रप्रयाग ते गुप्तकाशी हे जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून दुपारपर्यंत खोलीवर पोहोचून झोप काढता येईल. हा सगळा रस्ता एका दिवसात करणारे पुष्कळ आहेत, पण दिवसभर वळणांवर हेलकावे खाऊन, उलट्या करून पोहोचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी वरच्या हवेत नेणे मला पटत नाही. त्यातून डोंगरातल्या रस्त्यांवर रात्री वाहने चालवू देत नाहीत, त्यामुळे उशीर झाला तर अंधारात पुढे रेटता येत नाही.

चौथा दिवस केदारनाथचा आहे. उड्डाण फाटा या गावातून आहे (हे गावाचेच नाव आहे, आपल्याकडचा रस्त्याचा फाटा नव्हे). वेळ सकाळची घेतली आहे, कारण दुपारकडे दरीत ढग भरतात आणि मग सगळीच उड्डाणे थांबतात. सामान माणशी दोन किलोंपर्यंतच नेता येते, म्हणून सातव्या पानावर फक्त त्या दिवसाच्या पिशवीची यादी आहे: औषधे, आधार कार्ड, नोंदणीचा कागद, कानटोपी, पाण्याची बाटली आणि थोडा सुका मेवा. प्रसादाचे मोठे ताट, नारळ आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या पूजेच्या वस्तू खोलीवर ठेवायच्या आहेत. वजनकाट्यावर माणसालाही उभे करतात आणि ८० किलोंच्या पुढे जादा पैसे घेतात. बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तर किलो आहात, तेव्हा काळजी नाही, फक्त दिवाळीचा फराळ आधीपासून सुरू करू नका.

पाचवा दिवस तोच, ज्याला बाबा रिकामा म्हणतात. समजा चौथ्या दिवशी सकाळी आपण हेलिपॅडवर पोहोचलो आणि धुके आहे. नऊ वाजतात, दहा वाजतात, घोषणा होते की आजची उड्डाणे रद्द. पुढच्याच दिवशी बद्रीनाथकडे निघायचे ठरलेले असेल तर आपल्याला तिथेच घाईने निर्णय घ्यावा लागेल, आणि घाईत माणूस घोडा किंवा डोली करून वर जायला तयार होतो. मग संध्याकाळ वरच होते आणि जी रात्र टाळायची होती तीच वाट्याला येते. पाचवा दिवस हातात असेल तर आपण शांतपणे खोलीवर परत येऊ आणि दुसऱ्या दिवशी जागा मिळते का ते पाहू. जागा मिळेलच असे नाही. उड्डाण रद्द झाले की पैसे परत येतात, पण पुढची वेळ आपोआप मिळत नाही. दोन्ही दिवस गेले तर ऊखीमठच्या ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन आपण बद्रीनाथकडे निघायचे. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा त्याच मंदिरात चालते. हा पर्याय मी सहाव्या पानावर आत्ताच लिहून ठेवला आहे, कारण हेलिपॅडवर थंडीत उभे राहून आपले तिघांचे एकमत होईल असे मला वाटत नाही. चौथ्या दिवशीच दर्शन झाले, तर पाचवा दिवस झोपण्यासाठी आणि ऊखीमठसाठी आहे.

बद्रीनाथविषयी थोडक्यात सांगते. मुक्काम खाली जोशीमठला असेल, सुमारे १९०० मीटरवर. तिथून सकाळी निघून वर दर्शन घ्यायचे आणि दुपारी परत फिरायचे. या टप्प्यात दरडी पडून रस्ता काही तास बंद राहण्याची शक्यता असते, म्हणून गाडीत खाण्याचे आणि औषधांचे वेगळे पाकीट ठेवले जाईल. तप्तकुंडात बाबांनी उतरायचे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने इतक्या गरम पाण्यात बसून एकदम थंड हवेत उभे राहणे धोक्याचे आहे. हातपाय धुतले तरी चालते, असे आपल्या डॉक्टरांनीही सांगितले आहे.

आरक्षणांच्या पानांवर तुम्हाला एक गोष्ट विचित्र वाटेल: तुम्हा दोघांचे रेल्वेचे तिकीट वेगळे आहे आणि माझे वेगळे. ही चूक नाही. ज्येष्ठांसाठी राखलेल्या खालच्या बर्थचा लाभ एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असतील तरच मिळतो. मी तिसरी म्हणून त्यात शिरले असते तर आईला कदाचित वरचा बर्थ आला असता. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते, म्हणून त्या दिवशी सकाळी मी रजा टाकून बसले होते.

बाबा, कुटुंबाच्या ग्रुपवर तुम्ही हेलिकॉप्टरच्या स्वस्त तिकिटाची जी लिंक पाठवली होती, ती मी उघडली नाही आणि तुम्हीही उघडू नका. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण `heliyatra.irctc.co.in` या एकाच संकेतस्थळावर होते. हुबेहूब तसेच दिसणारे पान करून, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पैसे घेणारे दर वर्षी लोकांना फसवतात, आणि ते कळते थेट हेलिपॅडवर, तिकीट दाखवल्यावर. त्याआधी यात्रेची सरकारी नोंदणी करावी लागते. ती विनामूल्य आहे, आणि तिचा क्रमांक दिल्याशिवाय हेलिकॉप्टरचे तिकीट निघत नाही. आईच्या आधार कार्डावर नावाला "बाई" जोडलेले आहे, म्हणून नोंदणी, हेलिकॉप्टर आणि खोली या तिन्ही ठिकाणी मी तसेच नाव लिहिले आहे. कोणी विचारले तर आईने तेच नाव सांगावे.

आता शेवटचे पान. ते पीपीटीत चौदावे असले तरी मी सर्वांत आधी तयार केले होते. मागे रामेश्वरला बावीस तीर्थांचे स्नान करताना बाबा पुढच्या रांगेत गेले, आई मागे राहिली, फोन लॉजवर होते, आणि आईला तोंडपाठ असलेला एकमेव नंबर आपल्या जुन्या लँडलाइनचा होता. तो दीड तास मी विसरलेले नाही. म्हणून या पानाच्या तीन लॅमिनेट केलेल्या प्रती काढल्या आहेत आणि प्रत्येकाच्या आतल्या खिशात एक असेल. वर माझा नंबर, मग चालकाचा, मग पुण्याच्या दादाचा, मग आपल्या डॉक्टरांचा. त्याखाली ११२ आणि १०८. मागच्या बाजूला प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे मात्रेसह आणि आईची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिली आहे.

त्याच पानावर रुग्णालयांचा क्रम वरून खाली असा आहे: रुद्रप्रयागचे जिल्हा रुग्णालय, श्रीनगरचे वैद्यकीय महाविद्यालय (हे गढवालमधले श्रीनगर), आणि शेवटी ऋषिकेशचे एम्स. क्रम खाली उतरत जाणारा आहे, कारण उंचीच्या त्रासावर पहिला उपाय खाली उतरणे हाच असतो. नुसते डोके दुखणे आणि भूक न लागणे एवढेच असेल तर बसून पाणी प्यायचे आणि मला सांगायचे. पण डोकेदुखीबरोबर उलटी झाली, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणे असंबद्ध वाटू लागले, तर दर्शनाची रांग कितीही पुढे सरकलेली असो, आपण त्या क्षणी मागे फिरायचे. बाबांची "काही होत नाही" म्हणायची सवय मला माहीत आहे, म्हणून हा निर्णय त्रास होणाऱ्याने करायचा नाही, शेजारच्याने करायचा. बाबांसाठी आई ठरवेल आणि आईसाठी मी. उंचीच्या त्रासावर मिळणारी गोळी कोणाच्या सांगण्यावरून घ्यायची नाही. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पान तीन आणि पान चौदा त्यांना दाखवा आणि त्यांनी काही बदल सुचवला तर पेनाने तिथेच लिहून घ्या.

आणखी एक काम आहे. पान नऊवर खोल्यांची यादी आहे, त्यात प्रत्येक ठिकाणी तळमजला मागितला आहे. फक्त जोशीमठचे उत्तर अजून आलेले नाही. ते आले की फोन करते, मग तिथली रिकामी चौकट तुम्ही भरा. बाकी पानांवर काही खोडायचे असेल तर खुशाल खोडा, पाचवा दिवस मात्र तसाच ठेवा.

तुमची,
मंजू

ता. क. आई, कानटोप्या विणू नकोस, तिघांच्या घेतल्या आहेत. विणायचीच असेल तर चालकासाठी एक वीण.