तुमच्या कूलिंग प्लेटचा ०.१४ हा आकडा हवेतला आहे, आणि प्लेट विकताय व्हॅक्यूमसाठी

प्रति, ग्राहक सेवा प्रमुख
विषय: व्हॅक्यूम चेंबरसाठी घेतलेली कूलिंग प्लेट, तुमच्याशी झालेला पाचवा फोन, आणि रिफंड

आत्ताच फोन ठेवलाय, त्यामुळे भाषा जरा कडक वाटली तर वाटू द्या.

प्लेटवर ४० बाय ४० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक बसतो, त्यातून ८० वॅट उष्णता प्लेटमध्ये उतरायला हवी. तुमच्या डेटाशीटवर या सांध्याचा थर्मल रेझिस्टन्स ०.१४ केल्विन प्रति वॅट लिहिलाय. म्हणजे ब्लॉक आणि प्लेट यांच्या तापमानात साधारण ११ अंशांचा फरक पडायला हवा. माझ्याकडे व्हॅक्यूममध्ये २४ पडतो. दोन्ही बाजूंना थर्मोकपल पृष्ठभागापासून ३ मिलिमीटरवर आहेत, मधल्या ॲल्युमिनियममुळे पडणारे सुमारे २ अंश मी आधीच वजा केलेत, त्यामुळे "सेन्सर चुकीचा असेल" हे कृपया सहाव्यांदा सांगू नका.

आता तो संवाद, जो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हटलं, "साहेब, हवेत ठीक चालतं, पंप सुरू केला की फरक दुप्पट होतो." तुमचे एक्झिक्युटिव्ह थोडा वेळ गप्प, मग अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "सर, व्हॅक्यूम म्हणजे आत काहीच नसतं ना? मग काही नसलेल्या जागेत रेझिस्टन्स येणार कुठून?" मी विचारलं, हे तुम्ही कुठे वाचलंत? तर म्हणे "लॉजिकली सांगतोय सर." लॉजिकली! मी परत विचारलं, थर्मॉस कसा चालतो मग? तर म्हणे "सर, थर्मॉस आमचं प्रॉडक्ट नाही." आणि वर "ब्लॉक खोलून परत बसवून बघा." त्या खोलून परत बसवण्याबद्दल पुढे बोलतोच.

तुमच्या कंपनीत हे कुणाला तरी माहीत असणारच, पण सपोर्टपर्यंत पोचलेलं दिसत नाही म्हणून लिहितो. ब्लॉक प्लेटवर टेकतो असं आपण म्हणतो खरं, पण मशीन केलेल्या दोन्ही पृष्ठभागांवर काही मायक्रॉन उंचीचे उंचवटे असतात आणि ते फक्त टोकांना एकमेकांना भिडतात. तुमच्या क्लॅम्पची स्प्रिंग १६० न्यूटन जोर लावते, म्हणजे सरासरी दाब ०.१ मेगापास्कल. ॲल्युमिनियमची सूक्ष्म कडकपणाची किंमत साधारण १.२ गिगापास्कल धरली तर खरा धातूला धातू चिकटलेला भाग बारा हजारात एक इतका निघतो. बाकी सगळं पोकळ. सगळी उष्णता त्या ठिपक्यांकडे गोळा होते, तिथून आकसून पलीकडे जाते आणि परत पसरते, रेझिस्टन्स तिथे तयार होतो.

पण हवेत एक दुसरी वाटही असते. त्या फटी साधारण १० मायक्रॉनच्या असतात, आणि हवा कितीही वाईट वाहक असली तरी इतक्या पातळ थरातून ती बरीच उष्णता नेते. माझ्या हिशोबाने या हलक्या दाबाला हवेची वाट आणि ठिपक्यांची वाट जवळपास सारख्याच उष्णतेच्या आहेत. हवा काढली की अर्धी वाट गायब, म्हणून फरक दुप्पट. ०.१४ हा आकडा कशात मोजला ते डेटाशीटवर लिहिलेलंच नाही.

खात्री करायला मी पंप सुरू करून हळूहळू नोंदी घेतल्या. पूर्ण हवेत ११, मग १०० मिलिबारला १३, १० मिलिबारला १९, १ मिलिबारला २३ च्या वर, आणि त्याच्या खाली काही बदलच नाही. आधी फरक जवळजवळ हलत नाही आणि मग धाडकन वाढतो, कारण हवेचे रेणू एकमेकांना धडकण्याऐवजी फटीच्या भिंतींनाच धडकायला लागतात, १० मायक्रॉनच्या फटीत हे काही मिलिबारच्या आसपास होतं. धातूचा सांधा खराब असता तर दाबाबरोबर असा वळलाच नसता! शेवटी चेंबरमध्ये हेलियम सोडला, तो हवेच्या पाच-सहापट उष्णता नेतो, तर फरक एकदम ४ वर आला. ब्लॉक तोच, प्लेट तीच, आणि सेन्सरही तोच.

मग दाब. क्लॅम्पला दुसरी स्प्रिंग जोडून जोर ३२० न्यूटन केला, व्हॅक्यूममध्ये फरक साडेबारावर आला. जोर दुप्पट केला की ठिपके फार मोठे होत नाहीत, नवीन ठिपके तयार होतात, म्हणून फरक जवळजवळ निम्मा. हे तुमच्या सूचनापत्रात एका ओळीत लिहिता आलं असतं. जास्त जोराची स्प्रिंग द्या म्हटलं तर "ती वॉरंटीत नाही."

आणि आता "खोलून परत बसवा". दुसरी स्प्रिंग काढून परत १६० वर आलो तेव्हा फरक २४ नव्हता, १८ च्या आसपास होता, कारण चेपलेले उंचवटे चेपलेलेच राहतात, पूर्ण उसळी घेत नाहीत. तुमच्या सल्ल्याने ब्लॉक उचलून परत ठेवला, ते चेपलेले उंचवटे परत त्याच जागी कसे बसणार, २२! म्हणजे तुमचा सल्ला पाळल्याने जे थोडं सुधारलं होतं तेही गेलं.

दुसऱ्या फोनवर म्हणाले होते पेस्ट लावा. व्हॅक्यूममध्ये साधी पेस्ट वाफ सोडते आणि माझ्या आतल्या काचा धुरकट करते. हे व्हॅक्यूमचा माल विकणाऱ्याला सांगायची वेळ यावी? तिसऱ्या फोनवर म्हणाले पॉलिश करून आरशासारखं करा. हाताने पॉलिश केलं की खडबडीतपणा कमी होतो हे खरं, पण कडा गोल होतात आणि मधेच टेकतं. चमकणं आणि सपाट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, १० मायक्रॉनच्या उंचवट्यांपेक्षा ५० मायक्रॉनचा फुगवटा जास्त घात करतो. मी ते केलं नाही, केलं असतं तर तुम्ही "ग्राहकाने छेडछाड केली" म्हणून मोकळे झाला असता.

माझ्याकडे तुमची आणखी तीन प्लेट्स आहेत आणि त्या उत्तम आहेत, म्हणून तर ही घेतली, म्हणून जास्त वाईट वाटतंय. मला हवंय ते असं: डेटाशीटवर ०.१४ च्या शेजारी कोणत्या वायूत, किती दाबाला, किती खडबडीत पृष्ठभागावर हे छापा, आणि व्हॅक्यूमसाठी वेगळा आकडा द्या, माझ्या मोजणीनुसार तो ०.३० च्या आसपास येतो. किंवा जास्त जोराचा क्लॅम्प फुकट पाठवा. नाहीतर पूर्ण पैसे परत.

सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आमच्या खरेदी विभागाच्या यादीतून तुमचं नाव काढायला सांगणार आहे, आणि या नोंदींचा तक्ता तुमच्या बाकीच्या ग्राहकांना पाठवायला मला अजिबात कंटाळा येणार नाही. उत्तर ज्यांना थर्मॉस कसा चालतो ते ठाऊक आहे अशा माणसाकडूनच यावं.