आजीची रोजची रीत आणि त्यात पडलेला फरक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यापासून आजीपाशी तू राहणार आहेस, म्हणून तिला लघवीसाठी बसवलेल्या नळीमुळे होणाऱ्या संसर्गाविषयी सविस्तर लिहितो. विस्मृतीच्या आजारामुळे तिला दुखते कुठे हे सांगता येत नाही, आणि या वयात तापही अनेकदा फारसा चढत नाही. त्यामुळे तिची नेहमीची रीत आणि तिच्यात अचानक पडलेला फरक, हीच खरी खूण समज.

मागच्या श्रावणात असेच झाले. एरवी सकाळी चहासाठी हाका मारणारी आजी त्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहिली, पोळीचा घास गालात धरून बसली आणि उशीवरून एका बाजूला कलू लागली. काखेतला ताप 99.2 होता. हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिचा रोजचा 97 असतो, आणि नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटची वाढ डॉक्टर महत्त्वाची मानतात. मी मिनिटभर तिचे श्वास मोजले, ते 28 भरले. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी संसर्गाचे निदान केले. संसर्ग म्हटला की रुग्ण बडबडतो, चिडतो, असे आपल्याला वाटते; पण गप्प होणे आणि पेंगणे हेही तितकेच गंभीर असते आणि ‘आज शांत आहे’ म्हणून नजरेआड होते.

पिशवीतली लघवी गढूळ दिसली किंवा तिला वास आला, तर तेवढ्यावरून मात्र अँटिबायोटिकचा आग्रह धरू नकोस. नळी महिनाभर राहिली की लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. त्रास नसताना औषध दिले तर ते जंतू औषधाला दाद देईनासे होतात. संसर्गाची खरी शंका असेल तेव्हा जुनी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा, पिशवीतून घेऊ नये, आणि तोही शक्यतो औषध सुरू करण्याआधी.

पिशवी रिकामी, चादर ओली आणि आजीचा हात सारखा ओटीपोटाकडे जातो, असे दिसले तर आधी नळी कुठे दुमडली आहे का आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली आहे का, ते पाहा. तरीही लघवी उतरत नसेल, तर नळी तुंबलेली समजून लगेच नर्सताईंना बोलाव. हुडहुडी भरली, श्वास मिनिटाला 25 च्या वर गेला किंवा हाक मारूनही ती नीट जागी होईना, तर रात्र असली तरी रुग्णालयात ने.

ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नकोस, कारण मग आकड्याचा भरवसा राहत नाही. डॉक्टरांना फोन करताना ‘बरे वाटत नाही’ एवढेच न सांगता, कालपर्यंत ती काय करत होती आणि आज काय करत नाही, ते सांग. बद्धकोष्ठ किंवा नवे औषध यानेही असा फरक पडू शकतो, म्हणून शेवटची शौचाची वेळ आणि औषधांची यादी जवळ ठेव.

तुझा,
बाबा