हप्ता आता पाच तारखेलाच तुमच्या खात्यात येईल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा "हो हो, बघतो" म्हणून आईकडे फोन देतात, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, चष्मा शोधण्यात त्यांचा अर्धा तास जाईल.

आधी सांगून टाकते. मी माझ्या खात्यावर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून ठेवलीय. दर महिन्याच्या 5 तारखेला 31,400 बाबांच्या खात्यात येतील आणि 10 ला हप्ता नेहमीसारखा तिथूनच कापला जाईल. बाबा, लोन तुमच्या खात्यातूनच फिटतंय, मँडेट तुमचंच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. वरच्या भाडेकरूचा चेक पण तुमचाच, तो तुम्ही भरा, औषधांना वापरा, नाहीतर आईला त्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्या. फक्त हप्ता त्या चेकवर अवलंबून नको, एवढंच. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

जानेवारीत हप्ता परत गेला त्यात तुमचा हिशोब चुकला नव्हता. पैसे होते, चेक होता, तारीखही लक्षात होती. शुक्रवारी 9 तारखेला दुपारची झोप झाल्यावर तुम्ही सव्वाचारला चेक बँकेच्या बॉक्समध्ये टाकलात. त्या बॉक्सवर स्टिकर आहे, मी दिवाळीत बघितलाय, साडेतीननंतर टाकलेले चेक पुढच्या कामाच्या दिवशी घेतले जातील. आणि शनिवारी 10 तारीख म्हणजे दुसरा शनिवार, मग रविवार, म्हणजे पुढचा कामाचा दिवस थेट सोमवार 12. तोवर चेक त्या पेटीत नुसता पडून. तुम्हीच म्हणायचात ना, साडेसहाची एसटी गेली की पुढची सकाळी, स्टँडवर बसून राहिलं म्हणून गाडी येत नाही. तसंच झालं ते.

पण खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही म्हणालात, "शनिवारी बँक बंद, म्हणजे हप्ता सोमवारी कापतील." पूर्वी हे अगदी बरोबर होतं हो! हप्त्याची तारीख सुट्टीत आली की पुढच्या कामाच्या दिवशी कापायचे, तुम्ही आयुष्यभर तसंच केलंत. पण 1 ऑगस्ट 2021 पासून ही वसुली आठवड्याचे सगळे दिवस चालते, रविवार असो, सणाची सुट्टी असो. शाखा बंद, काउंटर बंद, चेक बंद, पण हप्ता मात्र कापला जातो. म्हणजे पैसे घेणारा हात सुट्टी घेत नाही आणि पैसे आणणारा घेतो, सगळी गोची इथेच आहे. शनिवारी सकाळी आठच्या आत मेसेज आला ना परत गेल्याचा? दिवसभराची वाट वगैरे काही बघत नाहीत. म्हणून 10 ला पैसे आले तरी उपयोग नाही, 9 च्या संध्याकाळी खात्यात पाहिजेत, तेही क्लिअर झालेले. पासबुकात चेकची रक्कम चढलेली दिसते पण ती वापरता येईलच असं नाही, त्यामुळे "अव्हेलेबल बॅलन्स" म्हणून जो आकडा असतो तोच बघायचा.

दंड दोन्हीकडून लागला, आपल्या बँकेचे 590 आणि लोनवाल्यांचे 590, पाचशे अधिक जीएसटी. 1,180 चं मला काही वाटत नाही. वाटलं ते याचं की तुम्ही तीन दिवस आईला पण सांगितलं नाही. बाबा, एक फोन शुक्रवारी केला असता तर मी बंगलोरवरून दोन मिनिटांत यूपीआय केलं असतं, ते रात्री बाराला पण जातं.

मला आठवतं, मी दुसरीत असेन, तुम्ही मला राजवाड्याजवळच्या बँकेत न्यायचात आणि पितळेचं टोकन माझ्या हातात द्यायचात. नंबर पुकारला की मी धावत जायचे. एकदा काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना आपण पोचलो आणि तुम्ही मला कडेवर घेऊन पळालात, ड्युटीचा खाकी शर्ट घामाने भिजलेला. तो वास अजून आठवतो. एवढं पळून भरलेले हप्ते आहेत तुमचे, एकही चुकला नाही, म्हणूनच हा एक तुम्हाला इतका लागला, कळतंय मला.

बरं, आता पुढचं. कॅलेंडर काढा, भिंतीवरचंच. मे बघा. 9 मे दुसरा शनिवार, 10 मे रविवार, आणि हप्ता 10 लाच. म्हणजे त्या महिन्यात 8 तारखेचा शुक्रवार हाच शेवटचा कामाचा दिवस. त्यात तुमची ती एफडी 9 मेला संपते आणि तुम्ही म्हणत होतात त्यातून दोन हप्ते एकदम टाकू. नाही जमणार. एफडी सुट्टीच्या दिवशी संपली की पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, म्हणजे सोमवारी 11 ला. मधल्या दिवसांचं व्याज देतात, ते बुडत नाही, पण हप्ता तर रविवारीच येऊन गेलेला असेल. ऑक्टोबरमध्ये परत 10 ला दुसरा शनिवार आहे, त्यावर आत्ताच पेनाने गोल करा.

मी 5 तारीख का ठेवली, 9 का नाही, तर एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाने बॅच जाते, सुट्टीलाही, पण काही बँका असे ठरवून ठेवलेले व्यवहार सुट्टी आली की दुसऱ्या दिवशी ढकलतात, आणि कधी सर्व्हर बसतो, कधी माझाच पगार उशिरा. चार दिवस हातात असले की 6 ला मी बघेन, 7 ला परत पाठवेन. तुम्ही फक्त 6 ला मेसेज आला का एवढं बघायचं, नाही आला तर मला फोन, मिसकॉल पण चालेल.

चेक भरायचाच असेल तर सकाळी साडेदहाला, काउंटरवर, पावतीवर शिक्का मारून घ्या. गेल्या ऑक्टोबरपासून नवीन पद्धत आहे, त्याच दिवशी स्कॅन करून पाठवतात आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत हो की नाही कळवावं लागतं. पण त्यासाठी चेक आधी माणसाच्या हातात पडायला हवा. बॉक्सात टाकू नका, प्लीज. भाडेकरूलाही सांगा पाच तारखेच्या आत चेक द्यायला, नाहीतर सरळ ट्रान्सफर कर म्हणावं, तो मुलगा फोनवर दिवसभर असतोच.

आणि कधी परत हप्ता उडालाच (नाही उडणार) तर घाईने दुसरीकडून भरू नका, आधी लोनवाल्यांना विचारा की ते परत वसुलीला पाठवणार आहेत का, काहीजण पाठवतात. मग दोनदा कापलं जातं आणि परत मिळवायला चकरा.

आई, गीझरवाला आला का? गुडघ्यावर शेक घेत जा, मी आणलेली पिशवी कपाटातच असेल अजून, माहितीय मला. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, जेवणानंतर आठवेल म्हणून ठेवू नका. पाडव्याला येतेय, दोन दिवस आहे. तेव्हा मोबाइल बँकिंगचा पिन परत सेट करू, तोवर पिन डायरीत लिहू नका. आधीचा लिहिलाय ना? ते पान फाडून टाका.

तुमची,
चिऊ