सूचना : व्हॅनसेवेचा अभिप्राय लिहिताना

पालकहो,

महिनाअखेरीस व्हॅनच्या मालकांसोबत बैठक आहे. त्याआधी प्रत्येकाने अभिप्राय पाठवावा. 'बरी आहे', 'उशीर होतो' एवढ्यावर त्यांच्याशी काही बोलता येत नाही, म्हणून आजपासून दोन आठवडे व्हॅन येण्याची आणि मूल घरी पोचण्याची वेळ रोज लिहून ठेवा.

सरासरी मात्र काढू नका. समजा ठरलेली वेळ 7:10 आहे आणि व्हॅन सोमवारी 7:02, मंगळवारी 7:20, बुधवारी 7:08 ला आली. सरासरी बरोबर 7:10 येते, पण सोमवारी मुलाची व्हॅन चुकली आणि मंगळवारी ते दहा मिनिटं रस्त्यावर उभं राहिलं. रोज 7:15 ला येणारी व्हॅन त्यापेक्षा चांगली, कारण तिच्या वेळेशी आपल्याला जुळवून घेता येतं.

उशीर झालेल्या दिवशी चालकाकडे नीट लक्ष द्या. घाई असली की वागणं बदलतं. मूल जागेवर बसून दार लागेपर्यंत तो थांबतो का? चालवताना फोन कानाला असतो का? उशिराचा निरोप त्याने आपणहून दिला की आपण फोन केल्यावर सांगितलं, हेही लिहा.

आणखी एक गोष्ट चालकाला थेट विचारा : शेवटचं मूल उतरल्यावर मागच्या सीटपर्यंत जाऊन कोण बघतं? लहान मुलं झोपून जातात, आणि बंद गाडी उन्हात फार लवकर तापते. मिळालेलं उत्तर त्याच्याच शब्दांत कळवा.